प्रतिसाद: भाडं टप्प्यांचं नसतं, टोकांचं असतं

> अ-ब-क विमानाचं तिकीट नुसत्या ब-क तिकिटापेक्षा स्वस्त कसं?

कारण टप्प्यांची बेरीज होतच नाही. अ-क हे एकच भाडं लागतं आणि ते त्या दोन टोकांमधली स्पर्धा पाहून ठरतं. ब-क थेट मार्गावर एकच कंपनी असेल, तर ती हवे तेवढे पैसे लावते.

मैलांचा संबंध फक्त वळशाशी. समजा अ-क ची कमाल मर्यादा ५००० मैल आहे. ब मार्गे २६०० अधिक २७०० म्हणजे ५३०० झाले, जादा ६ टक्के. भाड्यावरचा अधिभार पाच-पाचच्या पायऱ्यांनी चढतो, म्हणून इथे १० टक्के. तिकिटाच्या भाडे-ओळीत `10M` दिसेल. २५ टक्क्यांपुढे मात्र भाडं तुकड्यांत तोडावंच लागतं. मैलांऐवजी ठरावीक मार्ग दिलेल्या भाड्यांना हे गणित लागत नाही.

आणि हो, अ-ब सोडून थेट ब ला चढायला जाऊ नका, पुढचं आरक्षण बहुधा रद्द झालेलं असतं.