पुष्कराज म्हणजे नेमका कोणता खडा?

खानापूरची सून: सासूबाईंना ज्योतिषांनी सव्वापाच रत्तीचा पुष्कराज सांगितलाय. सोन्यात, तर्जनीत, गुरुवारी घालायचा. बेळगावात तीन दुकानं फिरले. एकानं पुष्कराज म्हणून अडीच हजारांचा खडा दाखवला, दुसऱ्यानं साठ हजारांचा. तिसरा विचारतो, "पुष्यराग पाहिजे की कनकपुष्यराग?" घरी येऊन कोश उघडला तर त्यात टोपाझ. एका शब्दाचे इतके खडे कसे?

निपाणीचे मास्तर: मूळ शब्द संस्कृत पुष्पराग. कन्नडात पुष्यराग, आपल्याकडे पुष्कराज. कोश म्हणतो टोपाझ, तर टोपाझच. पिवळा नीलम पुष्कराज म्हणून विकणं ही उघड फसवणूक. नीलम म्हणजे निळा, हे नावातच आहे.

हौशी बाबा: आमच्या नातवाचं नाव पुष्कराज ठेवायचं चाललंय. अर्थ चांगला आहे ना?

शहापूरचा जडकामवाला: ठेवा की बाबा, नावाला रत्ती लागत नाही.

मास्तर, व्युत्पत्ती बरोबर, पण निकाल चुकला. माणिक, नीलम आणि पिवळा पुष्कराज, तिन्ही एकच खनिज. आपला कुरुंद, ज्याच्या चाकावर सुऱ्यांना धार लावतात तोच. किंचित क्रोमियम मिसळलं की लाल, लोह आणि टायटॅनियम मिळून निळा. पिवळेपणाही बहुधा लोहाचाच. कनकपुष्यराग म्हणतात तो हा. पेढीवर आज पुष्कराज म्हटलं की हाच धरतात, कोश मागे राहिला. टोपाझ निराळा. आणि अडीच हजारांचा तुमचा खडा सुनेला असावा, म्हणजे पिवळा स्फटिक.

खानापूरची सून: डोळ्यांनी कळतं का?

शहापूरचा जडकामवाला: रंगावरून मीही फसलोय. तोलून बघा, पण खडा सुटा पाहिजे, अंगठीत बसवल्यावर जमत नाही. कॅरेटच्या काट्याला बारीक दोऱ्यानं टांगायचा, आधी हवेत तोलायचा, मग पाण्यात बुडवून. रत्ती विसरा. सोनाराची रत्ती साधारण 121 मिलिग्रॅमची, खड्यांच्या धंद्यातली साधारण 182 ची, तिथंच घोळ होतो. दुसरी धरली तर तुमचा सव्वापाच रत्तीचा खडा 4.78 कॅरेट भरेल. कुरुंद पाण्याच्या चौपट जड, म्हणून पाण्यात त्याचं वजन 3.58 च्या आसपास येईल. टोपाझचं 3.43. सुनेल्याचं 2.98. कुरुंद आणि टोपाझ जवळजवळ असल्यामुळे तिथं काटा चांगला पाहिजे, पण सुनेला लगेच उघडा पडतो. खड्याला चिकटलेले बुडबुडे आधी झटकायचे, नाहीतर वजन कमी भरतं.

एक मात्र यातून कळणार नाही. भट्टीत केलेला कुरुंदही तितकाच भरतो. त्याला सूक्ष्मदर्शकाखाली वाकड्या वाढरेषा शोधाव्या लागतात. ते प्रयोगशाळेचं काम.

चिकोडीची मावशी: तोलबिल जाऊ दे बाई. आमच्या थोरल्यानं पुष्कराज घातला आणि दोन महिन्यांत नोकरी लागली. त्याला लाभला.

खानापूरची सून: मावशी, खडा घालायच्या आधी त्याच्या मुलाखती चालू होत्या का?

चिकोडीची मावशी: वर्षभर चालू होत्या की. सात झाल्या होत्या.

शहापूरचा जडकामवाला: मग आठवी खड्याची, आणि आधीच्या सातांचं श्रेय कुणाला? माणूस खडा घेतो तेव्हा दिवस बहुधा सगळ्यात वाईट असतात. त्यानंतर थोडं बरं होतंच. 'लाभणे' हा शब्दही बघा कसा आहे. काम झालं तर लाभला, नाही झालं तर लाभत नव्हता. खडा कधी हरतच नाही. पडताळायचं असेल तर काय होणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे घालायच्या आधी कागदावर लिहून ठेवावं. माझ्या पेढीवर एकाही गिऱ्हाईकानं लिहिलं नाही. मीही मागितलं नाही, मला धंदा होता.

निपाणीचे मास्तर: पण रत्नाचा रंग ग्रहाचे किरण खेचतो म्हणतात.

शहापूरचा जडकामवाला: मग हे ऐका. बाजारातला पुष्कळसा सुनेला म्हणजे भट्टीत तापवलेला जांभळा कटेला. चार-पाचशे अंशांच्या आसपास त्यातल्या लोहाची अवस्था बदलते आणि तो पिवळा होतो. कटेला शनीचं उपरत्न, सुनेला गुरूचं. स्फटिक तोच, फक्त भाजलाय. ग्रह कधी बदलला, भट्टीत की पेढीवर?

निपाणीचे मास्तर: याला उत्तर नाही माझ्याकडे. तरी श्रद्धा अशी काट्यावर तोलता येत नाही.

शहापूरचा जडकामवाला: श्रद्धा कोण तोलतंय? खडा तोला म्हटलं.

खानापूरची सून: आज पहिल्या दुकानात गेले. बिचाऱ्यानं तोलू दिलं. हवेत 4.78, पाण्यात 2.97. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी लगेच ज्योतिषांना फोन लावला. ते म्हणाले, "सुनेलाही चालतो, फक्त लाभायला वेळ लागतो." किती वेळ, ते मी विचारणार होते, तोवर सासूबाईंनी फोन ठेवला.