पाच वर्षं झाली, त्याच ऑडिट फर्मला पुन्हा नेमायचं का?

आकुर्डीकर
चाकणमधल्या एका लिस्टेड कंपनीत मी स्वतंत्र संचालक आहे, ऑडिट कमिटीवरही आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, चार प्लांट. ऑडिट फर्मची पहिली पाच वर्षं येत्या एजीएमला संपतात. प्रवर्तक म्हणतात, चांगलं चाललंय, पुढची पाच देऊन टाका. सीएफओंनी दुसऱ्या एका फर्मचं कोटेशनही आणून ठेवलंय, 24 लाखांच्या जागी 15 लाख. ते दाखवून जुन्यांची फी कमी करून घेऊ, असा त्यांचा बेत. मला बदल हवासा वाटतो, पण ठोस कारण सांगता येत नाही. काय बघून ठरवावं?

हडपसरचा भागधारक
यात ठरवायचं काय? पाच वर्षांनी ऑडिटर बदलायचा हा कायदाच आहे. सत्यममध्ये काय झालं ते 2009 साली सगळ्यांनी पाहिलं. तीच फर्म वर्षानुवर्षं सही करत होती आणि खात्यात नसलेले पैसे ताळेबंदात दिसत होते. ओळख वाढली की प्रश्न विचारणं थांबतं. मी छोटा भागधारक आहे, पण एजीएमची नोटीस पूर्ण वाचतो. पुनर्नेमणुकीच्या ठरावाखाली दरवेळी तीच दोन वाक्यं असतात, 'अनुभव आणि कामगिरी लक्षात घेऊन'. कसली कामगिरी, ते कुणी लिहीत नाही.

एरंडवणेकर (निवृत्त सीए)
भागधारक साहेब, पाच वर्षांची मर्यादा एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या ऑडिटरला आहे. फर्मला पाच-पाच वर्षांच्या दोन मुदती मिळतात, म्हणजे सलग दहा वर्षं, आणि मग पाच वर्षं त्या कंपनीपासून लांब राहावं लागतं. 2013 च्या कायद्याने हे आणलं आणि जुन्या फर्मना तीन वर्षांची सवलत दिली. म्हणून 2017 च्या एजीएमना एकदम मोठी अदलाबदल झाली. तेव्हा आलेल्यांपैकी ज्यांना दुसरी मुदत मिळाली, त्यांची दहा वर्षं 2027 ला भरतात.

तेव्हा आकुर्डीकरांच्या कंपनीला बदल सक्तीचा नाही, तो कमिटीच्या अखत्यारीतला आहे. आणि ही संधी महत्त्वाची आहे. एकदा दुसरी मुदत दिली की मधेच काढायला विशेष ठराव आणि केंद्र सरकारची आगाऊ मंजुरी लागते. पूर्वी दर एजीएमला नेमणुकीवर शिक्कामोर्तब व्हायचं, ती तरतूदही 2018 मध्ये गेली.

सत्यमबद्दल एकच सांगतो. तिथे बँकेच्या ठेवींची खातरजमा बँकेकडून थेट घ्यायची, ती कंपनीच्या हातून आलेल्या कागदांवर मानली गेली. हे पहिल्या वर्षीच्या ऑडिटरकडूनही होऊ शकतं. वर्षं मोजून तो दोष सापडत नाही.

मीनल, भोसरी
काका, मुद्दा पटला, पण अर्धाच. आमच्याकडे फर्म बदलल्यानेच एक गोष्ट बाहेर आली. प्रेस शॉप आहे आमचं, डाय बऱ्याच बाहेर जॉबवर्कवाल्यांकडे असतात. जुनी फर्म दरवर्षी डायची यादी मालमत्ता रजिस्टरशी जुळवायची, जॉबवर्कवाल्यांची पत्रं फाइलला लावायची, झालं. नव्या फर्मची आर्टिकल मुलगी तळवड्याच्या शेडमध्ये स्वतः गेली आणि डायवरच्या पत्र्याच्या पाट्या वाचत बसली. काही पाट्यांवर आमच्या ग्राहक कंपनीचं नाव कोरलेलं होतं. म्हणजे त्या डायचे पैसे ग्राहकाने दिले होते, मालकी त्याची, आणि आम्ही वर्षानुवर्षं त्यांना आपली मालमत्ता मानून घसारा लावत होतो. यात लबाडी नव्हती. मूळ पर्चेस ऑर्डर कुणी उघडून पाहिलीच नव्हती.

जुने लोक हुशार होते, प्रामाणिक होते. पण पहिल्या वर्षी त्यांनी यादी बरोबर धरली आणि पुढे ती यादीच पुरावा झाली. म्हणून मी बदलाच्या बाजूने आहे.

सहकारी बँकवाला
आकुर्डीकर, तुम्हाला तीन वर्षांचा नियम लागू नाही का? आमच्या नागरी सहकारी बँकेत तर तीन वर्षं झाली की ऑडिटर जातो आणि सहा वर्षं परत येऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2021 मध्ये तसं ठरवलं. आम्हाला हे जड जातं. नवीन माणसं आली की सगळं पहिल्यापासून. कोणतं कर्ज थकीत व्हायला आलंय, ते मार्चअखेर भरून एप्रिलमध्ये पुन्हा कुठून उचललं गेलं, हे ओळखायला त्या शाखेची आणि त्या कर्जदारांच्या नातेवाइकांच्या खात्यांची माहिती लागते. ती ऑडिटरला दुसऱ्या वर्षी येते, तिसऱ्या वर्षी तो धारदार होतो, आणि मग रामराम.

एरंडवणेकर
तो नियम बँका आणि बिगरबँक वित्तीय कंपन्यांचा, चाकणच्या कारखान्याला लागू नाही. पण तुम्ही सांगितलेली अडचण कारखान्यालाही आहे.

रांजणगावचा अकाउंट्सवाला
आहेच. आम्ही मोठ्या गाडी कंपनीला माल देतो. पोलादाचा भाव उतरला की ते दर कमी करतात, तेही मागच्या तारखेपासून, आणि डेबिट नोट येते चार-सहा महिन्यांनी. जुने ऑडिटर मार्चअखेर पहिलं हेच विचारायचे, 'दरकपातीची बोलणी कुठवर आलीत? मेल दाखवा.' नवीन फर्मने पहिल्या वर्षी हे विचारलंच नाही. त्यांनी विक्रीची बिलं तपासली, माल पोचल्याचे कागद तपासले, सगळं बरोबर. पण त्या विक्रीतला काही भाग परत द्यायचा होता, त्याची तरतूद झाली नाही. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत डेबिट नोट आली आणि नफा खाली आला. बिलाच्या फाइलमध्ये न दिसणारी गोष्ट नव्या माणसाला कशी कळणार?

मीनल, भोसरी
नव्या फर्मने आधीच्या ऑडिटरशी बोलायचं असतं ना?

एरंडवणेकर
पत्र पाठवावंच लागतं, ती सीएच्या आचारसंहितेतली अट आहे. पण उत्तर बहुधा 'आमची हरकत नाही' इतकंच येतं. दरकपातीच्या बोलणीसारखी माहिती त्यात नसते.

आकुर्डीकर, मी कमिटीवर असतो तर काय मागितलं असतं ते सांगतो. आधी ते कोटेशन बाजूला ठेवा. ते सीएफओंनी आणलंय, म्हणजे ज्यांची खाती तपासायची तेच भाव ठरवतायत. फीची शिफारस करणं हे ऑडिट कमिटीचं काम आहे. आणि 15 लाख म्हणजे नेमकं काय, ते तासांत बघा. समजा सध्याची फर्म वर्षाला 1,200 तास देते. 24 लाखांना तो दर तासाला 2,000 रुपये पडतो. त्याच दराने 15 लाखांत 750 तास येतात. तिन्ही तिमाहींच्या मर्यादित तपासण्यांना प्रत्येकी 100 तास धरले, तर 300 तिथेच गेले. आज चार प्लांटच्या वार्षिक ऑडिटला 900 तास मिळतात, तिथे 450 उरतील. कोणता प्लांट सोडणार, हे त्यांना विचारा. जुन्यांनी फी उतरवायचं कबूल केलं, तर हाच प्रश्न त्यांनाही.

मग जुन्या फर्मकडून पाच वर्षांतल्या सुचवलेल्या दुरुस्त्यांची यादी घ्या. कोणत्या खात्यांत केल्या आणि कोणत्या कंपनीने 'किरकोळ आहेत' म्हणून सोडल्या. दुरुस्त न केलेल्या चुकांची यादी ऑडिटरने तुमच्यापुढे ठेवायचीच असते. त्यात व्यवस्थापनाला नकोसा एखादा आकडा ऑडिटरने कधी बदलायला लावला का, ते दिसेल. सही करणारा पार्टनर प्लांटवर किती दिवस होता, तेही विचारा. पूर्ण टीम दरवर्षी नवीन आणि पार्टनर फक्त शेवटच्या आठवड्यात येणार, असं असेल तर पाच वर्षांच्या ओळखीचा फायदा कंपनीला मिळालेलाच नाही.

मीनल, भोसरी
तासांचे आकडे फर्मच देणार, ते खरे कशावरून? माझं म्हणणं, पाच वर्षांनी जुन्या फर्मसकट तीन-चार फर्मना कमिटीनेच बोलवावं. त्यांना सीएफओंच्या केबिनमध्ये न बसवता प्लांट फिरवावा आणि विचारावं, 'इथे तुम्ही काय तपासाल?' बाहेरचा माणूस जे विचारतो त्यातूनच कळतं की आतला काय विचारायचं विसरलाय. मग जुन्यांनाच ठेवलं तरी चालेल.

एरंडवणेकर
कल्पना चांगली, पण उशीर झालेला नसावा. नव्या फर्मची नेमणूक सप्टेंबरपर्यंतच्या एजीएमला होते, तेव्हा 31 मार्चची स्टॉक मोजणी होऊन गेलेली असते. सुरुवातीच्या स्टॉकचा आकडा चुकीचा असेल तर पहिल्या वर्षाचा नफाच चुकतो, आणि मोजायला तो माल आता शिल्लक नसतो. म्हणून डिसेंबरपर्यंत ठरवून नव्या फर्मला मार्चच्या मोजणीला निरीक्षक म्हणून बोलवावं. शिवाय पुण्यात या धंद्याची जाण असलेल्या फर्म मोजक्याच, आणि त्यातली एखादी तुमचं इंटर्नल ऑडिट करत असते. ते सोडल्याशिवाय तिला घेता येत नाही.

आकुर्डीकर
सगळ्यांचे आभार. यादी काल मागवली. न केलेल्या दुरुस्त्या पाचही वर्षं निरंक. सीएफओ म्हणाले, 'बघा, किती स्वच्छ काम आहे.'

हडपसरचा भागधारक
चार प्लांट आणि पाच वर्षांत एकही नाही? मला तर हेच बदलाचं कारण वाटतं.

एरंडवणेकर
थांबा. निरंकचे दोन अर्थ होतात. सापडलेली प्रत्येक चूक सही करण्याआधी दुरुस्त झाली असेल, तर ते उत्तम. नाहीतर कुणी शोधलंच नाही. त्यासाठी केलेल्या दुरुस्त्यांची यादी लागते. तीही कोरी असेल, तर मी पुनर्नेमणुकीच्या विरोधात मत देईन. ती यादी ऑडिट पार्टनरकडून घ्या, सीएफओ खोलीत नसताना. मार्चअखेरच्या दरकपातीबद्दल आणि डायच्या मालकीबद्दलही तेव्हाच विचारा.

आकुर्डीकर
बुधवारी पार्टनरना एकटं बोलावलंय. पण कमिटीने बदल सुचवला आणि बोर्डाला नको असेल तर?

एरंडवणेकर
बोर्डाला कारणं लिहून शिफारस तुमच्याकडे परत पाठवावी लागते. तुम्ही ठाम राहिलात तर बोर्ड स्वतःचं नाव एजीएमपुढे नेऊ शकतं, पण मतभेदाची कारणं नोंदवूनच. लिस्टेड कंपनी असल्याने प्रस्तावित फी आणि शिफारशीचा आधारही नोटिशीत लिहावा लागतो. तो मजकूर तुम्ही स्वतः लिहा.

मीनल, भोसरी
आणि पार्टनर बदलून फर्म तीच ठेवायचा पर्याय? आमच्या बोर्डाने तोही पाहिला होता. मला तो अपुरा वाटतो, नवा पार्टनर जुन्याच वर्किंग पेपरवरून सुरुवात करतो.

रांजणगावचा अकाउंट्सवाला
मला तोच बरा वाटतो. नजर नवी येते आणि दरकपातीचा प्रश्न फाइलमध्ये लिहिलेला राहतो.