डो आणि किया: अंतर मोजायचं की माणसं?

वाटसरू_७: हनोईकडची व्हिएतनामी शिकतोय. 'हे', 'ते' दाखवायच्या शब्दांबद्दल पुस्तकात सरळ दिलंय: नय जवळचं, डो थोडं लांबचं, किया आणखी लांबचं, अय आधी बोलून झालेलं. पण ऐकताना हातभर अंतरावरच्या वस्तूलाही किया म्हटलेलं सापडतं. माझं मत असं की व्यवस्था अंतराचीच आहे, लोक सैल बोलतात. पटत नसेल तर खोडून काढा.

खडूफळा: खोडतो. आधी लिहिण्याची सोय: ↗ म्हणजे चढता सूर, ↘ म्हणजे उतरता, बाण नसेल तर सपाट. सूर फक्त या दाखवायच्या शब्दांचे लिहितो, बाकी शब्दांचे नाही. हे शब्द नय↘, डो↗, किया, अय↗ असे आहेत. उत्तरेत डो↗ च्या जागी डय↗ जास्त ऐकू येतं.

टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसलीत असं धरा. माझ्यासमोरचं पुस्तक 'क्वियेन नय↘', तुमच्या हाताजवळचं 'क्वियेन डय↗', भिंतीवरच्या फळीतलं 'क्वियेन किया'. इथवर तुमचं पुस्तक बरोबर वाटतं. आता दोन्ही पुस्तकं माझ्यासमोर ठेवा, वीतभर अंतरावर. त्यातलं कुठलं हवं असं विचारताना मी 'नय↘ की किया' असंच विचारेन. अंतर तेवढंच, तरी दुसऱ्याला किया. म्हणजे किया 'हे नव्हे, दुसरं' एवढंच सांगतं. नदीचा पलीकडचा काठ, दोरीचं दुसरं टोक, फोनवरची पलीकडची बाजू, सगळीकडे कियाच येतं. फोनवरचा माणूस किती किलोमीटरवर आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

तोमोदाची_पुणे: हे तर जपानीसारखंच आहे! कोरे, सोरे, आरे. नय बोलणाऱ्याजवळ, डो ऐकणाऱ्याजवळ, किया दोघांपासून लांब. पुण्यात जपानी शिकलेल्या कुणालाही दहा मिनिटांत कळेल. उगाच किचकट करताय.

खडूफळा: डो↗ बद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. वस्तू ऐकणाऱ्याच्या हातात असेल तर सहसा डो↗ किंवा डय↗ येतं. पण वीतभर अंतरावरच्या दोन पुस्तकांना जपानीत दोन्हींसाठी कोरे चालतं, इथे दुसऱ्याला किया लागतं. शिवाय दोघांनाही आठवणाऱ्या, समोर नसलेल्या माणसासाठी जपानीत आरेच्या घरातला शब्द येतो. व्हिएतनामीत तिथे किया म्हणालात तर ऐकणारा खिडकीबाहेर बघेल. तिथे अय↗ किंवा डो↗ हवं.

वाटसरू_७: मग अय↗ आणि डो↗ यांत फरक काय? दोन्ही 'ते, मघाचं'.

खडूफळा: डो↗ बोटाने दाखवता येतं आणि बोलण्यातलंही असतं. अय↗ मुख्यतः बोलण्यातलंच. मराठी माणूस नेमका इथे घसरतो, कारण आपला 'तो' दोन्ही कामं करतो: तो झाडाखालचा आणि तो कालचा. खोलीच्या टोकाला अनोळखी माणूस दिसला आणि 'आन्ह अय↗ ला आय', म्हणजे 'ते कोण आहेत', असं विचारलंत, तर समोरच्याला आधी वाटेल, कोण, मघाशी कुणाबद्दल बोलत होतो? पहिल्यांदा लक्ष वेधताना 'आन्ह किया ला आय' हवं. उत्तरात मात्र 'आन्ह अय↗ ला बाक सी', म्हणजे ते डॉक्टर आहेत. एकदा दोघांची नजर तिथे पोचली की किया सोडून अय↗ वर यायचं. आणि त्या माणसाला हाक मारताना 'आन्ह किया' वापरू नका, 'ए, तिकडचा' असा उर्मट सूर लागतो.

केळीवाली_मावशी: एवढं सगळं कशाला? मी डिसेंबरात हनोईला जाणार, मला बाजारात बोट दाखवून फळं घ्यायचीत. 'नय केळी' म्हटलं की झालं ना?

भाषाचोर: नाही होणार, मावशी. हा शब्द नामाच्या मागे येतो, सगळ्यात शेवटी. 'ही तीन नवी पुस्तकं' म्हणताना क्रम असा: तीन, मोजणीचा शब्द, पुस्तक, नवं, ही. 'बा क्वियेन साक मोय नय↘'. अनेकवचनासाठी नय↘ बदलत नाही. नय↘ आधी टाकलंत तर ते 'अहो, ऐका' असं लागतं, आणि विक्रेती केळ्यांकडे न बघता तुमच्याकडे बघेल. फळाचं नाव येत नसेल तर 'काइ नय↘' म्हणा, म्हणजे 'ही वस्तू'.

आणखी एक. 'हे अमुक आहे' असं वाक्य नय↘ ने सुरू करू नका, तिथे सपाट सुराचा 'डय' लागतो: 'डय ला साक'. दक्षिणेत बोलताना नय↘ ने सुरू केलेलं ऐकू येतं, पण लिहिताना नको. आणि तोच डय चढवलात की झाला डय↗, म्हणजे 'ते, तुझ्याकडचं'. अक्षर एकच, सुराने अर्थ टेबलापलीकडे जातो. आपण मराठी लोक प्रश्न विचारताना वाक्याचं शेपूट वर नेतो, त्यामुळे तोच डय 'इथे?' म्हणून विचारताना 'तिथे' होऊन बसतो. उपाय एकच: प्रश्नासाठी शेवटी प्रश्नाचा वेगळा शब्द लावा, सुराला हात लावू नका.

तोमोदाची_पुणे: बरं, पण वेळेचं काय? तिथे तरी अंतरच आहे. 'होम किया' म्हणजे परवा.

भाषाचोर: कुठला परवा? होम किया म्हणजे होऊन गेलेला परवा. येणारा परवा हवा असेल तर 'न्गाय किया'. दिशा किया सांगत नाही, आधीचा शब्द सांगतो. आपल्या परवासारखंच, फक्त आपण दिशा क्रियापदावर सोडतो. तेरवासाठी तोच किया उतरता करायचा: किया↘. भेटीची वेळ ठरवताना हा सूर सांभाळा, नाहीतर एक दिवस सरकतो. दक्षिणेत येणाऱ्या परव्याला 'न्गाय मोत' म्हणतात, तिथे ही भानगड कमी.

वाटसरू_७: म्हणजे वेळेत अंतर मोजलं जातंच की! आज, काल, त्यापलीकडे किया, त्याच्याही पलीकडे किया↘. माझा मुद्दा पूर्ण पडलेला नाही.

खडूफळा: वेळेपुरतं मान्य. पण तिथेही तो 'जवळच्या दिवसाच्या पलीकडचा' असाच बसवता येतो. यावर मी अडून बसणार नाही.

सायगॉनकर: तुम्ही सगळे उत्तरेतच अडकलात. दक्षिणेत रोजच्या बोलण्यात सुटा अय↗ फारसा ऐकूच येत नाही. 'ओंग अय↗', म्हणजे 'ते आजोबा', हे एकाच अक्षरात वळतं, सूर खाली जाऊन वर येतो, आणि नुसता 'ओंग' उरतो. बाईमाणसाच्या 'बा' चंही तसंच. जागेच्या शब्दांतही हेच: आत, बाहेर, वर यांना तोच वळसा दिला की 'तिथे आत', 'तिथे बाहेर', 'तिथे वर'. माझ्या मते तो वळसा म्हणजे विरलेला अय↗ च.

खडूफळा: अय↗ च का? डो↗ का नाही? दोघांचा सूर चढताच आहे, आणि दक्षिणेत डो↗ जास्त चालतो.

सायगॉनकर: कारण सुटं करून लिहायला सांगितलं की लोक 'ओंग अय↗' लिहितात.

खडूफळा: ते शाळेत तसं शिकवतात म्हणून. पुरावा म्हणून हे मला पुरेसं वाटत नाही.

केळीवाली_मावशी: तुमचं चालू द्या. नाव आठवलं नाही तर 'काइ अय↗' म्हटलं तर चालेल का? आपल्या 'अमक्या'सारखं?

भाषाचोर: अर्थ तोच, पण अनोळखी दुकानात टाळा. आडून बोलताना तोच शब्द शरीराच्या खासगी भागांसाठी वापरतात. बोट दाखवा आणि 'काइ किया' म्हणा. विक्रेतीने चुकीचा घड उचलला तर तो तिच्या हातात असेल, तेव्हा त्याला 'काइ डय↗' म्हणून नको म्हणा आणि पुन्हा 'काइ किया'.