समान नागरी कायदा: २४ लाखांचा फ्लॅट वाटून बघा

त्र्यंबकरोड_लॉ: राज्यघटनेतला अनुच्छेद ४४ पाठ आहे, सरकारने सगळ्यांसाठी एकच नागरी कायदा आणण्याचा प्रयत्न करावा असं तो म्हणतो. पण समान नागरी कायदा आला तर नेमकं काय बदलेल, हे एका उदाहरणावरून कुणी समजावेल का?

पंचवटीकर: उदाहरण कशाला? हिंदूंचं १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच सुधारून झालं. आता बाकीच्यांनी त्याच रांगेत यायचं, मुलींना न्याय मिळेल. संपला विषय.

दावा_दाखल: इतक्यात नाही संपत. कॉलेज रोडवरचा फ्लॅट धरा, वडिलांच्या स्वकमाईचा, किंमत २४ लाख (या भावात मिळणार नाही, पण भागाकार सोपा जातो). वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. आजी-आजोबा आधीच वारलेले.

कुटुंब हिंदू असेल तर तिघांना ८-८-८. ख्रिस्ती असेल तर कायदा १९२५ चा, पण उत्तर तेच. सुन्नी मुस्लिम असेल तर बायकोला आठवा हिस्सा म्हणजे ३ लाख. उरलेल्या २१ मधले मुलाला १४, मुलीला ७. सगळा वाद मुलीच्या नावाने चालतो, पण इथे तिचा फरक एका लाखाचा आहे. खरी मार खाते ती विधवा.

आता मृत्युपत्र आणा. हिंदू बाप सगळा फ्लॅट मुलाच्या नावे लिहू शकतो. मुलगी शून्य, बायकोही शून्य. मुस्लिम बापाला मृत्युपत्राने एक तृतीयांशच देता येतं, तेही वारसाला द्यायचं तर बाकीच्या वारसांच्या संमतीने. मुलीचे ७ सहजासहजी पूर्ण बुडत नाहीत.

सुरगाणा_पेठ: समान कायदा आला की आमचं आरक्षण जाणार का?

दावा_दाखल: नाही, आरक्षणाचा याच्याशी संबंध नाही. वारसाहक्काचा आहे. १९५६ चा कायदा कलम २(२) प्रमाणे अनुसूचित जमातींना आजही आपोआप लागू नाही, तिथे रूढी चालते. म्हणजे ‘हिंदूंचं झालं’ हेही अर्धंच, पंचवटीकर. उत्तराखंडच्या २०२४ च्या संहितेनेही जमातींना बाहेरच ठेवलंय.

जुना_नाशिककर: आणि त्याच १९५६ च्या कायद्याचं कलम १५ विसरू नका. निपुत्रिक विधवा स्वतःची कमाई मागे ठेवून गेली, तर पैसा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो, तिच्या आईकडे नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओमप्रकाश वि. राधाचरण खटल्यात हेच केलं.

त्र्यंबकरोड_लॉ: मग ही कलमं समानतेच्या हक्काच्या अनुच्छेद १४ खाली रद्द करून घेता येतील ना?

दावा_दाखल: कलम १५ ला आव्हान देता येतं, ते संसदेने केलेलं आहे. पण तो आठवा हिस्सा कुठल्या कलमात लिहिलेला नाही. नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९५१ लाच म्हटलं की असा व्यक्तिगत कायदा अनुच्छेद १३ मधल्या ‘कायद्यात’ येत नाही, म्हणजे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तो रद्द करता येत नाही. तो निकाल अजून स्पष्टपणे उलटवलेला नाही.

पंचवटीकर: ठीक, बायकोला ८ देऊ. पण मृत्युपत्रावर मर्यादा? स्वकमाई कुणाला द्यायची हे सरकार ठरवणार?

जुना_नाशिककर: मुलीला ८ देऊन वर कोरं मृत्युपत्र हातात ठेवायचं, तर ते ८ कागदावरचेच.

पंचवटीकर: हे मला मान्य नाही.