दुसरा पीरियड टाकून द्यायचा का?

निवासी३: प्लेटलेट ॲग्रिगेशन मोजणारा क्रॉसओव्हर अभ्यास आहे, १२ स्वयंसेवक. सहा जणांना आधी ७ दिवस ॲस्पिरिन ७५ मिग्रॅ आणि मग ७ दिवस लसणाची कॅप्सूल, उरलेल्या सहांना उलट. मध्ये ३ दिवस वॉशआउट. कॅरिओव्हरच्या टेस्टला पी ०.०८ आला. गाईड म्हणतात, दुसरा पीरियड टाकून दे, पहिल्यावरच टी-टेस्ट लाव. ॲस्पिरिनचं अर्धायुष्य २० मिनिटांचं, मग कॅरिओव्हर आलाच कुठून?

स्तंभालेख: हा सल्ला अजून दिला जातो हे वाचून डोकं तापलं. आधी कॅरिओव्हर तपासा, १० टक्क्यांवर लागला तर दुसरा पीरियड फेका, ही ग्रिझलची १९६५ची पद्धत. फ्रीमनने १९८९ला दाखवलं की यात ५ टक्क्यांची चूक जवळजवळ दुप्पट होते. कारण साधं आहे. ॲस्पिरिन आधी घेणाऱ्या सहांचे आकडे पहिल्या पीरियडमध्ये योगायोगाने खाली गेले, तर त्यांच्या दोन्ही पीरियडची बेरीजही खाली जाते आणि कॅरिओव्हरची टेस्ट वाजते. म्हणजे पहिला पीरियड जेव्हा फसवा असतो, नेमका तेव्हाच तुम्ही त्याच्यावर विसंबता. उलट पी ०.५ आला असता तरी कॅरिओव्हर नाही असं ठरलं नसतं. सहा माणसांची तुलना दुसऱ्या सहा माणसांशी होते, तिच्यात तेवढा दमच नसतो.

वॉशआउट आधी ठरवायचा असतो, आणि तो औषधाच्या परिणामावरून, रक्तातल्या पातळीवरून नव्हे. ॲस्पिरिन निघून जातं, पण बिघडवलेली प्लेटलेट मरेपर्यंत तशीच राहते. तिला केंद्रकच नाही, नवं एन्झाइम बनवणार कशी? रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट येतात. तीन दिवस हा वॉशआउटच नव्हे.

माजी_समन्वयक: स्वयंसेवक पाळत नाहीत हो काही! आमच्या एकाने पाठ दुखते म्हणून घरी आयबुप्रोफेन घेतलं, तेही ॲस्पिरिनच्या आधी. ॲस्पिरिनची जागाच अडली. त्याचं ॲग्रिगेशन उतरेचना आणि आम्ही आठवडाभर मशीनला दोष देत बसलो. तुमच्या डायऱ्या तपासा.

गोळीबंद: स्तंभालेख, रक्त कधी घेतलं हे विचारलंत का? सातव्या दिवशी घेतलं असेल, तर शेवटच्या ॲस्पिरिनला तोवर १० दिवस झाले. प्लेटलेट जवळपास सगळ्या बदलल्या. लसणाचे सात दिवसही वॉशआउटच आहेत.

निवासी३: हो, सातव्या दिवशीच. पण प्रत्येक पीरियडच्या पहिल्या दिवशी बेसलाइन घेतली होती, आणि विश्लेषण बेसलाइनपासूनच्या बदलावर केलंय. बेरजेची टेस्ट मात्र शेवटच्या आकड्यांवरच लावली. ते असे: ॲस्पिरिन आधी, ३० मग ६२. लसूण आधी, ७० मग ३४.

स्तंभालेख: ठीक, 'वॉशआउटच नव्हे' हे मागे घेतो, मोजमापाचा दिवस मी विचारायला हवा होता. पण आता खरी गडबड दिसली. ॲस्पिरिनवाल्यांची दुसरी बेसलाइन तीन दिवसांनीच घेतली, ती दबलेली असणार. तिच्यापासून बदल मोजलात तर कॅरिओव्हर तुम्ही स्वतःच हिशेबात ओतलात. बदल सोडा, शेवटचे आकडे घ्या.

प्रत्येकाच्या पहिल्या पीरियडमधून दुसरा वजा करा. एका गटाचा सरासरी फरक उणे ३२, दुसऱ्याचा अधिक ३६. या दोन गटांच्या फरकांवर टी-टेस्ट लावा. अंतर ६८, त्याचं निम्मं ३४: ॲस्पिरिनने ॲग्रिगेशन लसणापेक्षा ३४ अंकांनी कमी. पीरियडचा परिणाम आपोआप वेगळा होतो. फक्त पहिला पीरियड घेतलात तर ४० येतात. हे जास्तीचे सहा कुठले? बेरजा ९२ आणि १०४, अंतर १२, त्याचं निम्मं सहा. म्हणजे ती 'दुरुस्ती' त्याच दुबळ्या अंदाजावर उभी आहे.

माजी_गाईड: गाईडवर आगपाखड सोपी असते. आम्ही शिकलो तेव्हा हेच शिकवत. आणि संख्याशास्त्रज्ञ भेटतो कधी? तीनदा फोन केल्यावर!

स्तंभालेख: आणि माझ्याकडे फाइल येते सबमिशनच्या आठ दिवस आधी. वॉशआउट किती ठेवायचा हे प्रोटोकॉल लिहिताना एकानेही विचारलेलं नाही, बारा वर्षांत!

माजी_गाईड: विचारलं असतं तर ऑफिसात असतात का तुम्ही?

गोळीबंद: भांडण नंतर. तिला सबमिट करायचंय. निवासी३, कन्सॉर्टची क्रॉसओव्हरसाठीची २०१९ची पुरवणी आहे, तीप्रमाणे क्रमवार आणि पीरियडवार किती जण होते ते द्या. ३४ला विश्वासमर्यादा जोडा. वॉशआउट तीन दिवसांचा का ठेवला तेही लिहा, अर्धायुष्यावरून ठेवला असेल तर तसंच लिहा. बाराही जणांच्या रेषा एका आलेखात काढा. १२च तर आहेत.

माजी_गाईड: ३४ घ्या, मान्य. पण ०.०८ लपवू नका. परीक्षक विचारणारच.

स्तंभालेख: लपवू नकाच. पण ती टेस्ट प्रोटोकॉलमध्ये असेल तरच पी द्या. नसेल, तर चर्चेत मोजमापाचा दिवस आणि प्लेटलेटचं आयुष्य सांगा.

माजी_गाईड: केली ती टेस्ट सांगायची नाही? हे मला पटत नाही.

निवासी३: प्रोटोकॉलमध्ये होती. 'पी ०.१०पेक्षा कमी आल्यास पहिलाच पीरियड' असंही लिहिलंय. एथिक्स कमिटीने मंजूर केलंय तसंच. आता?

गोळीबंद: मग ४० द्यावेच लागतील, ठरवलेलं म्हणून. ३४ शेजारी द्या, आणि योजना का सोडली ते उघड लिहा.

स्तंभालेख: शेजारी नाही, आधी ३४.