डिलिव्हरीची पोरं: स्वतंत्र व्यावसायिक की आपले कामगार?

दुकानदार_कोथरूड
पुण्यात किराणा आणि भाजी घरपोच देतो. ॲप आमचं स्वतःचं, माल आमचा. दुकानात 9 माणसं पगारावर आहेत आणि 24 पोरं ऑर्डरमागे 35 रुपयांवर. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, प्रत्येकाशी स्वतंत्र व्यावसायिकाचा करार, ठेकेदार म्हणून 1 टक्का टीडीएस कापतो. दोन वर्षं सुरळीत चाललं. सोडून गेलेल्या एका मुलाने पीएफ कार्यालयात तक्रार केली आणि आता अधिकाऱ्याने सगळ्यांच्या पेमेंटची माहिती मागितली आहे. माझं स्पष्ट मत आहे की सही करून धंदा करणारा माणूस माझा नोकर होत नाही. तुम्हाला काय वाटतं?

जमाखर्च
मी सीए आहे. तुमची बाजू भक्कम आहे. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगार ही वेगळी जात आहे, नोकर नव्हे. ॲपवाल्याने उलाढालीच्या 1 ते 2 टक्के त्यांच्या सामाजिक सुरक्षेच्या निधीत भरायचे, तेही या लोकांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंतच. तुमचं पोरांना जाणारं पेमेंट महिन्याला 3,36,000 असेल तर कमाल बोजा 16,800 रुपये. पीएफचा प्रश्न येतोच कुठे?

लेबरवाला
वीस वर्षं कामगार कायद्याचंच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जमाखर्च यांनी आकडे बरोबर दिलेत, पण दारच चुकलंय. संहितेतली व्याख्या सांगते की पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेर कमावणारा तो गिग कामगार. म्हणजे आधी नातं ठरवायचं, मग ही व्याख्या लावायची. करारावर गिग लिहिलं म्हणून माणूस नात्याबाहेर जात नाही. शिवाय तो निधी भरायचा असतो ॲग्रीगेटरने, म्हणजे विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणाऱ्याने. कोथरूडकर स्वतःचा माल स्वतः विकतात. ॲप हे त्यांचं ऑर्डर घ्यायचं पुस्तक आहे.

आता नातं कसं ठरतं ते पाहू. 1973 साली सुप्रीम कोर्टाने सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्याचा निकाल दिला. शिंपी नगावर पैसे घ्यायचे, यायची-जायची ठरलेली वेळ नाही, काही जण कापड घरी नेऊन शिवायचे, काही दुसऱ्या दुकानाचंही काम करायचे. तरीही ते दुकानाचे कामगार ठरले. मशीन दुकानाचं होतं आणि शिवण पसंत पडली नाही तर परत शिवून मागायचा हक्क दुकानाकडे होता. घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही पीएफसाठी कामगार धरलं गेलंय, तिथेही विडी नाकारायचा मालकाचा अधिकार महत्त्वाचा ठरला. आज कोर्ट एकाच कसोटीवर थांबत नाही, सगळं मिळून पाहतं. दर कोण ठरवतं, गिऱ्हाईक कोणाचं, शिक्षा कोण करतं, नफा-तोटा कोणाचा.

दुकानदारसाहेब, तीन गोष्टी सांगा. डिलिव्हरीची घेतलेली वेळ, म्हणजे स्लॉट, चुकवला तर काय होतं? टी-शर्ट कोणाचा? एखाद्याने 35 ऐवजी 45 मागितले तर?

दुकानदार_कोथरूड
स्लॉट घेऊन आला नाही तर 50 रुपये कापतो, नाहीतर संध्याकाळी भाजी कोण पोचवणार? टी-शर्ट आमचा, सोसायटीचे वॉचमन त्याशिवाय सोडत नाहीत. दर सगळ्यांना सारखाच. पण स्लॉट घ्यायचा की नाही हे तोच ठरवतो, ती जबरदस्ती नाही. आणि लेबरवाला, तुमच्या शिंप्यांचं मशीन दुकानाचं होतं. इथे 90 हजारांची गाडी पोराची आहे. हा फरक तुम्ही मोजला नाहीत.

लेबरवाला
फरक खरा आहे आणि तुमचा वकील तो मांडेलच. गाडी त्याची हा तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा. पण तुमच्या धंद्यातली महागाची चीज गाडी नाही, गिऱ्हाइकांची यादी आणि ॲप आहे. ती दोन्ही तुमची. आणि 50 रुपयांचा दंड कोणत्या हिशेबाने स्वतंत्र व्यावसायिकाला बसतो? माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत करारापेक्षा व्हॉट्सॲप ग्रुपनेच जास्त घात केलाय. ‘उद्या सातला सगळे हजर पाहिजेत, नाहीतर आयडी बंद’ असा एक मेसेज चौकशीत जोडला गेला की करारातली दहा पानं फिकी पडतात.

लेस्टरकर
इकडे ब्रिटनमध्ये दोन उलट निकाल आहेत. फेब्रुवारी 2021 मध्ये उबरचे ड्रायव्हर वर्कर ठरले, कारण भाडं कंपनी ठरवायची आणि सवारी नाकारणाऱ्यावर कारवाई व्हायची. नोव्हेंबर 2023 मध्ये डिलिव्हरूच्या रायडर्सना मात्र युनियनच्या हक्कासाठी मालक-कामगार नातं नाकारलं गेलं, कारण त्यांना आपल्या जागी दुसऱ्याला पाठवायची मुभा होती आणि ती खरी होती. म्हणून विचारतो, तुमचा मुलगा आजारी पडला तर त्याचा भाऊ टी-शर्ट घालून डिलिव्हरी करू शकतो का?

दुकानदार_कोथरूड
नाही. आधार तपासलेल्यालाच आयडी देतो. घरोघरी जाणारी माणसं आहेत, सुरक्षेचा प्रश्न येतो.

हेल्मेटवाला
मी स्वतः पाच वर्षं डिलिव्हरी करतो. तुमच्या दुकानात नाही. इथे सगळे आमच्या नावाने भांडताय म्हणून लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात सिंहगड रोडला गाडी घसरली, पाय मोडला, तीन महिने घरी. ज्या कंपनीचं काम करत होतो तिने चौथ्या दिवशी आयडी बंद केला. दवाखान्याचा खर्च भावाने कर्ज काढून केला. त्या वेळी मला कोणी कर्मचारी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण मला हजेरीची नोकरी नको. दुपारी एका ॲपवर, रात्री दुसऱ्यावर चालतो, म्हणून घर चालतं. 14,000 मधून पीएफ कापून हातात 12,000 येणार असतील तर निम्मी पोरं दुसरीकडे जातील, हेही लिहून ठेवा. आणि माझा जुना पीएफ 2018 पासून अडकलाय, नावात चूक आहे. तो कसा काढायचा कोणाला माहीत आहे का?

लेबरवाला
हेल्मेटवाला, नावाची दुरुस्ती अर्ज करून होते. वेगळा धागा काढा, मी तिथे लिहितो.

तुमच्या अपघातावरून मूळ मुद्द्याला येतो, कारण दुकानदारांनी सगळी भीती पीएफची धरली आहे. मुलगा दिवसाला 16 ऑर्डर करतो, महिन्यात 25 दिवस, म्हणजे 14,000 रुपये, असं धरू. पीएफमध्ये मालकाचे प्रशासकीय खर्चासह 13 टक्के, मुलाचे 12 टक्के. माणशी 3,500, चोवीस जणांचे महिन्याला 84,000. दोन वर्षांचे झाले 20,16,000. यात मुलांचा हिस्साही आला, कारण मागच्या महिन्यांचा त्यांचा वाटा आता त्यांच्या पगारातून कापता येत नाही, तो मालकाच्याच खिशातून जातो. त्यावर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि जून 2024 नंतरच्या थकबाकीवर दंड महिन्याला 1 टक्का. थकबाकी सरासरी वर्षभराची धरली तर दोन्ही मिळून पावणेपाच-पाच लाख. एकूण 25 लाखांच्या घरात. वेळेवर भरलं असतं तर मालकाचा स्वतःचा वाटा साडेदहा लाख होता.

आणखी एक. पीएफला 20 माणसं लागतात. तुमचे 9 दुकानातले एकटे बाहेरच राहिले असते. हे 24 धरले की 33 होतात आणि ते 9 जणही आत येतात.

पण 25 लाख हप्त्याहप्त्याने तरी फेडता येतात. 25 वर्षांचा मुलगा ऑर्डर घेऊन जाताना गेला तर? कामगार नुकसानभरपाईच्या सूत्राने निम्मा पगार, म्हणजे 7,000, गुणिले त्या वयाचा आकडा 216.91. होतात 15,18,370 रुपये. ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची नोंदणी नसेल तर दावा थेट मालकावर लागतो आणि ईएसआय लागू होतं की नव्हतं हा वाद नंतर वर्षानुवर्षं चालतो. त्याच मुलासाठी ईएसआयचा मालकाचा हिस्सा महिन्याला 455 रुपये आहे.

जमाखर्च
हिशेब मान्य. पण संहितेच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे ॲग्रीगेटरांच्या यादीत, किराणा पोचवण्याची सेवा स्पष्ट लिहिली आहे. स्वतःचा माल विकणाऱ्याला वगळलंय असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. हा मुद्दा न्यायालयात जायचाय, तुम्ही तो निकालात काढू नका. आणि धंद्याचं काय? किराण्यात नफा राहतो किती?

लेबरवाला
अनुसूचीचा मुद्दा खुला आहे, मान्य. त्यावर 25 लाखांची पैज लावू नये एवढंच म्हणतो. धंद्याचं म्हणाल तर 24 मुलं महिन्याला 9,600 ऑर्डर पोचवतात. पीएफचे 43,680 आणि ईएसआयचे 10,920, मिळून मालकाचे 54,600. ऑर्डरमागे 5 रुपये 70 पैसे पडतात. किमान वेतन, रजा, बोनस वेगळे. पेट्रोल याच पैशातून जात असल्याने किमान वेतनाचा हिशेबही काढून बघा. पुढे जाताना पेट्रोल किलोमीटरमागे वेगळं, खऱ्या हिशेबाने द्या. ते परतफेड म्हणून बाजूला काढता येतं. मागच्या दोन वर्षांसाठी आता कागद बनवू नका, ते उघडं पडतं आणि मग प्रकरण बेइमानीचं होतं.

दुकानदार_कोथरूड
दोन मार्ग दिसतात. दंड, स्लॉट, सक्तीचा टी-शर्ट सगळं काढून त्यांना खरोखर मोकळं सोडायचं, किंवा सगळ्यांना घ्यायचं. पहिलं केलं तर संध्याकाळी सहा ते आठ माझी भाजी सडेल.

लेबरवाला
म्हणजे ती संध्याकाळ तुम्हाला ताब्यात हवी आहे. ताबा हवा तर त्याची किंमत आली. मी असतो तर संध्याकाळच्या ठरलेल्या 14 जणांना पगारावर घेतलं असतं, बाकीच्यांना दर स्वतः सांगायची आणि ऑर्डर नाकारायची पूर्ण मुभा दिली असती. दोघांना एकाच ग्रुपवर ठेवू नका.

हेल्मेटवाला
त्या बाकीच्या दहांना अपघात झाला तर?

लेबरवाला
त्यांच्यासाठी अपघात विम्याची ग्रुप पॉलिसी घ्या, आणि त्यात डिलिव्हरीचं काम स्पष्ट लिहिलंय का ते वाचून घ्या. घरगुती वापराच्या गाडीवर ऑर्डर नेत असताना अपघात झाला की गाडीच्या विम्यावर कंपनी हरकत घेते. हे दहाजण नंतर कामगार ठरणार नाहीत याची मात्र मी हमी देत नाही.

जमाखर्च
दुकानदारसाहेब, सुनावणीची तारीख कधी आहे? दोन वर्षांचं पेमेंट रजिस्टर मला पाठवा. कोण किती दिवस आला आणि कोण तुमच्याशिवाय दुसरीकडेही काम करत होता हे वेगळं काढू. सगळे चोवीस जण एका मापाचे नसतील, तर आकडा खाली येईल.

दुकानदार_कोथरूड
पुढच्या महिन्यात. रजिस्टर उद्या पाठवतो. दंडाची कापणी या आठवड्यापासूनच बंद करतोय.