अनुभव धागा: घरात अहिराणी, पुस्तकात मराठी. लहानग्यांना काय आणि कसं वाचून दाखवता?

अमळनेरकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरला राहतो. मुलगी 14 महिन्यांची, मुलगा 6 वर्षांचा, यंदा पहिलीत गेला. घरात सासूबाई, सासरे आणि आम्ही सगळे अहिराणी बोलतो. पुस्तकं मात्र सगळी प्रमाण मराठीत.

मुलीला रात्री मांडीवर घेऊन गोष्ट वाचायला बसते. पहिलं पान निम्मं होतं न होतं तोच ती पुस्तक मिटवते, नाहीतर कोपरा तोंडात घालते. आणि मुलगा स्वतः वाचायला लागलाय, पण 'काळा घोडा' असं छापलेलं असेल तर 'काया घोडा' वाचतो. त्याचे पप्पा दर वेळी टोकतात आणि मग तो पुस्तकच खाली ठेवतो.

कोणत्या वयाला कोणतं पुस्तक लागू पडलं आणि घरच्या बोलीचं तुम्ही काय केलंत, ते तुमच्या घरातलं सांगा. पुस्तकांची नुसती यादी नको.

केळीबाग, रावेर

आमचं बाळ 5 महिन्यांचं आहे. आम्ही फक्त काळी-पांढरी चित्रं दाखवतो. सहा महिने बाळाला रंग दिसतच नाहीत, त्यामुळे त्याआधी रंगीत पुस्तक म्हणजे वाया पैसा. चित्र डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरतो, तेव्हा तो टक लावून बघतो.

पांझराकाठ, धुळे

मी 31 वर्षं बालवाडी आणि पहिली-दुसरीला शिकवलं. आता नातवंडांना वाचून दाखवते.

केळीबागवाले भाऊ, वीतभर अंतराचं तुमचं बरोबर आहे. तान्ह्या बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं. पहिले दोन-तीन महिने ठळक काळं-पांढरं त्याच्या नजरेत पटकन भरतं, हेही खरं. पण सहा महिने रंग दिसत नाहीत, असं नाही. चार-पाच महिन्यांचं बाळ रंग चांगले ओळखतं. तुमच्या बाळापुढे आता लाल-पिवळं एकच मोठं चित्र धरून बघा. आणि चित्र धरून गप्प बसू नका. त्या वयाला पुस्तक निमित्त असतं, बाळ ऐकतं तुमचा आवाज. पेपरातली बातमी लाडानं वाचलीत तरी चालेल.

अमळनेरच्या ताई, तुमची मुलगी तिच्या वयाला शोभेल तेच करतेय. 14 महिन्यांच्या मुलाला गोष्ट नको असते, वस्तू हवी असते. छापलेलं वाचू नका, चित्र बोला, तेही अहिराणीत. पुस्तक जाड पुठ्ठ्याचं, आठ-दहा पानांचं, एका पानावर एकच चित्र आणि मागे मोकळी जागा, असं घ्या. पान तिलाच उलटू द्या. दोन पानं एकदम उलटली तर उलटू द्या.

मी असं करते: तिनं गाईवर बोट ठेवलं की म्हणायचं, "गाय." मग त्यात एकच गोष्ट वाढवायची, "गाय चारा खास." मग विचारायचं, "चारा कोठे शे?" आणि थांबायचं. मनात पाच आकडे मोजायचे. हे थांबणंच बायांना जमत नाही, मलाही सुरुवातीला जमलं नव्हतं. आपणच विचारतो आणि आपणच सांगून टाकतो. त्या पाच आकड्यांत लेकरू बोट दाखवतं, हुंकार देतं, नाहीतर तुमच्याकडे बघतं. ते त्याचं उत्तर समजायचं आणि त्यावर पुढचं बोलायचं.

पुस्तक मिटवलं म्हणजे झालं. दोन मिनिटं पुरेत, संध्याकाळी परत घ्या.

सातपुड्याची सून, यावल

माझ्या सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा मी पुस्तक दिलं की त्या म्हणायच्या, "माले काय वाचता येस?" मग मी बिनशब्दांचं, नुसत्या चित्रांचं पुस्तक आणलं. त्या दिवसापासून वाचनाचं काम त्यांच्याकडेच गेलं. रोज गोष्ट थोडी वेगळी होते. कधी चित्रातला मुलगा बाजारात जातो, कधी मामाच्या गावाला. मुलीला आता ओळ पाठ झालीय. आजी "आनि मंग पोऱ्या..." म्हणून थांबली की ती ओरडते, "पयी ग्या!"

त्याआधी, दीड वर्षाची असताना, आम्ही घरीच पुस्तक केलं होतं. फोटो स्टुडिओत 8 फोटो काढून घेतले, पोस्टकार्डाएवढे: आजी, बाबा, शेळी, केळीचा घड, वांगं, कढई, पायरीवरच्या चपला आणि ती स्वतः. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवून लॅमिनेशन केलं. माझी चूक झाली ती कोपऱ्यांत. लॅमिनेशनचे कोपरे टोकदार राहिले आणि गालाला ओरखडा आला. नंतर कात्रीनं गोल कापले. पानं बांधायला लांब दोरी घेऊ नका, मुलं गळ्यात अडकवतात. मी रुंद चिकटपट्टीनं पाठ जोडली, ती वर्षभर टिकली. सगळ्यात जास्त चपलांचं पान चाललं, का ते मला अजून कळलं नाही.

पाचोऱ्याचा बाप

माझा मुलगा तिसरीत आहे. मोठ्यानं धाड धाड वाचतो, पण काय वाचलं विचारलं तर सांगता येत नाही. रोज अर्धा तास मोठ्यानं वाचायला बसवतो. वेळ वाढवू का?

पांझराकाठ, धुळे

भाऊ, इथे आपण मुलांना वाचून दाखवण्याबद्दल बोलतोय, पण तुमचंही दुखणं त्याच घरातलं आहे. वेळ वाढवू नका. त्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं तुम्ही वाचा, तो ऐकेल. मधेच थांबून म्हणा, "मला तर वाटतं हा आता खोटं बोलणार." प्रश्न विचारू नका, तुमचा अंदाज सांगा. मुलं अंदाज खोडायला पुढे येतात. उरलेली दहा मिनिटं त्यानं वाचावं, तेही तिसरीपेक्षा सोपं पुस्तक.

भुसावळ जंक्शन

मला बोलीचं पटत नाही. मीही अहिराणी घरातलाच. शाळेत गेलो तेव्हा पहिलं वर्ष बाईंचं निम्मं कळलं नाही. म्हणून मुलाला आम्ही पुस्तकात आहे तसंच, शब्दाला शब्द वाचून दाखवतो. बोलायला अहिराणी आहेच की. पुस्तकातून तरी मराठी कानावर पडू दे.

पांझराकाठ, धुळे

तुमचं म्हणणं चार-पाच वर्षांच्या मुलाला लागू आहे. तिथं मीही आधी छापलं आहे तसंच वाचते आणि अडलं की घरच्या शब्दात सांगते. पण दीड वर्षाच्या मुलाला शब्दाला शब्द वाचलं तर ते उठून जातं, मग कानावर काहीच पडत नाही. तीन वर्षांच्या आसपास कुठे बदलायचं, ते प्रत्येक मुलाचं वेगळं. मला ठाम सांगता येणार नाही.

आता त्या 'काया घोड्या'चं. ताई, तुमचा मुलगा 'ळ' ओळखतो का, हे आधी बघा. दोन चिठ्ठ्या करा, एकीवर 'माळ', दुसरीवर 'माय'. आपल्याकडे दोन्ही 'माय'च म्हणतात. त्याला वाचायला सांगू नका, विचारा, "आई कोणत्या चिठ्ठीवर आहे? गळ्यात घालायची कोणत्या?" बरोबर उचलल्या तर त्याच्या डोळ्यांना अक्षर दिसतंय, फक्त जीभ घरची आहे. तेव्हा टोकू नका, पुढे वाचू द्या. गोंधळला तर मात्र अक्षरच पक्कं नाही, मग 'ळ'चे शब्द वेगळे घ्या.

आणि त्याच्यासाठी दोन पुस्तकं ठेवा. एक तुम्ही वाचायचं: लांब गोष्टीचं, त्याच्या वाचनाच्या खूप पुढचं चालेल. दुसरं त्यानं वाचायचं: एका पानावर एक-दोन ओळी, काना-मात्रा झालेल्या, जोडाक्षरं थोडी. आपण गोष्ट आवडली म्हणून तेच पुस्तक वाचायला देतो आणि त्यात 'सूर्य', 'रात्र', 'त्याच्या' हे सगळं एका ओळीत येतं. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर 1 ते 4 पातळी लिहिलेली असते, तिचा उपयोग होतो. पण पातळी 1 मध्येही जोडाक्षर सापडतं, म्हणून दुकानात चार पानं चाळूनच घ्या. स्टोरीवीव्हर या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचताही येतात.

एक शब्द मात्र टाळता येत नाही, 'म्हणाला'. तो जवळपास प्रत्येक गोष्टीत आहे. तो फोड न करता अख्खा शिकवून टाका, चित्रासारखा. माझ्या वर्गात या एका शब्दावर मुलं सगळ्यात जास्त अडायची.

पुस्तक जड आहे हे कसं कळतं? पानावर पाच शब्द अडले तर जड, असं म्हणतात. आपल्या पहिलीच्या पुस्तकात पानावर दहाच शब्द असतात, तिथे ते माप चालत नाही. मी बघते की प्रत्येक ओळीत अडतोय का, आणि अडल्यावर शब्दाकडे बघतोय की चित्राकडे बघून अंदाज ठोकतोय. दोन-तीन पानं असं झालं की ते पुस्तक मी माझ्याकडे घेते आणि वाचून दाखवते. "तुला येत नाही" म्हणायचं नाही.

भुसावळ जंक्शन

पण शाळेत श्रुतलेखनात तो 'काया' लिहील तेव्हा लाल रेघ येईलच. आज टोकलं नाही तर उद्या शाळा टोकेल.

पांझराकाठ, धुळे

लिहिण्याचं वेगळं घ्या, वेगळ्या वेळी. वाचताना गोष्ट तोडू नका, एवढंच माझं म्हणणं. माझ्या काही सहकारी बाई तुमच्यासारख्याच मताच्या होत्या, आणि त्यांची मुलंही वाचायला शिकली.

अमळनेरकरीण

आठ दिवसांनी लिहितेय. मुलानं चिठ्ठ्या बरोबर उचलल्या, दोन्ही वेळा. वाचल्या मात्र दोन्ही 'माय'. त्याच्या पप्पांनी ते स्वतः बघितलं आणि आता वाचताना गप्प बसतात. रात्रीची मोठी गोष्ट तेच वाचतात.

मुलीचं सांगते. गाईच्या पानावर मी चार दिवस "गाय, गाय" करत होते आणि ती पुस्तक ढकलायची. पाचव्या दिवशी आकडे मोजत थांबले, तेव्हा दिसलं की तिचं बोट गाईवर नाहीच, कोपऱ्यातल्या बादलीवर आहे. मी म्हटलं, "बादली." ती उठली, दुडूदुडू मोरीपाशी गेली आणि आमच्या निळ्या बादलीवर हात आपटून माझ्याकडे बघायला लागली. आता रोज पुस्तक आणते, तेच पान काढते आणि आम्ही मोरीपर्यंत जाऊन येतो. बाकीची पानं अजून बघायची आहेत. पांझराकाठच्या मॅडम, तिला दुसऱ्या पानाकडे न्यावं की ती जाईल तेव्हा जाऊ द्यावं?

पांझराकाठ, धुळे

जाऊ द्या तिला बादलीपाशी. कंटाळा तुम्हाला येईल, तिला नाही. तोवर मोरीतला तांब्याही दाखवा.